दुबईहून आलेला प्लेस्टेशन ५ : प्रदेश, वेळक्षेत्र आणि मुलाच्या खात्याच्या मर्यादा

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. माझे धाकटे दीर दुबईला असतात. त्यांनी माझ्या मुलासाठी प्लेस्टेशन ५ आणला आणि तिथेच सगळे सेटिंग करून दिले. मुलगा सातवीत आहे, त्याचे वेगळे खातेही काढून दिले आहे. मी सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ६ ते ८ अशी वेळ लावली, पण सहाला खेळ सुरूच होत नाही आणि रात्री नऊ वाजले तरी बंद होत नाही. शिवाय येथून घेतलेले गिफ्ट कार्ड चालत नाही, प्रदेश चुकीचा आहे असे येते. प्रदेश भारत करता येईल का, आणि वेळ कुठे दुरुस्त करायची?

उत्तर :

ताई, तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ दुबईत केलेल्या मांडणीत असले तरी त्या एकाच ठिकाणी दुरुस्त होणार नाहीत, हे आधी सांगतो. साताऱ्यात मी गेली अनेक वर्षे ही यंत्रे बसवून देण्याचे काम करतो आणि आखातातून, जपानमधून किंवा इंग्लंडहून नातेवाइकांनी आणलेले यंत्र समोर आले की पहिला घोळ हाच निघतो : लोक यंत्राच्या सेटिंगमध्ये प्रदेश शोधत बसतात, आणि प्रदेश तिथे नसतोच. या यंत्रात प्रदेश हा खात्याला, म्हणजे आपण ज्याला ‘आयडी’ म्हणतो त्याला, चिकटलेला असतो. वेळक्षेत्र दोन ठिकाणी असते, एक यंत्राचे आणि दुसरे मुलाच्या खेळवेळेचे, आणि या दोघांचा परस्परांशी मेळ असेलच असे नाही. मर्यादा मात्र मुलाच्या खात्यावर लागतात आणि त्या बदलण्याचा अधिकार ज्या मोठ्या माणसाच्या आयडीतून ते खाते काढले त्याच्याकडे राहतो. तुमच्या बाबतीत तो माणूस तुमचे दीर आहेत.

वेळेचा प्रश्न आधी घेतो, कारण तो पंधरा मिनिटांत सुटण्यासारखा आहे.

दुबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास पुढे आहे आणि आपली साडेपाच तास पुढे. दोहोंत दीड तासाचे अंतर पडते. दुबईत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा सांगलीत साडेसात झालेले असतात. तुम्ही लावलेले ‘६ ते ८’ हे यंत्राने दुबईच्या घड्याळाने वाचले आहे, त्यामुळे तुमच्या घरात त्याचा अर्थ साडेसात ते साडेनऊ असा झाला. म्हणूनच सहाला यंत्र मुलाला आत घेत नाही आणि नऊला बाहेर काढत नाही. यंत्र बिघडलेले नाही आणि मुलाने काही उद्योग केलेला आहे असेही यावरून म्हणता येत नाही. सांगितलेले काम ते चोख करते आहे, फक्त दुसऱ्या गावच्या घड्याळाने.

आता कोणते घड्याळ चुकले आहे हे ओळखण्याची रीत सांगतो. यंत्र सुरू केल्यावर मुख्य पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात वेळ दिसते, ती तुमच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहा. तीच दीड तास मागे असेल तर यंत्राचे वेळक्षेत्र दुबईचे राहिले आहे. त्यासाठी Settings मध्ये System आणि त्यात Date and Time हे पान उघडा, वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवा आणि वेळक्षेत्र म्हणून भारताची, GMT+5:30 लिहिलेली ओळ निवडा. आकडे हाताने पुढे सरकवून वेळ जुळवण्याचा मोह टाळावा. वेळक्षेत्र चुकीचे ठेवून आकडे जुळवले की पुढे इंटरनेटवरून वेळ घेताना ते पुन्हा मागे जातात आणि आपण दुरुस्त केलेले पुन्हा कसे बिघडले याचा उलगडा होत नाही.

पुष्कळदा मात्र कोपऱ्यातले घड्याळ बरोबर असते आणि तरीही खेळ दीड तास उशिरा बंद होतो. पालक इथेच चकतात, कारण पडद्यावरची वेळ बरोबर दिसली की तो विषय संपला असे त्यांना वाटते. खेळवेळेचे वेळक्षेत्र मुलाच्या खात्यासोबत वेगळे जपलेले असते आणि यंत्राचे वेळक्षेत्र बदलल्याने ते बदलत नाही. ते पाहण्यासाठी दिरांच्या आयडीतून आत जाऊन Settings, त्यात Family and Parental Controls, त्यात Family Management असे जा, मुलाचे नाव निवडा आणि खेळवेळेच्या मांडणीत वेळक्षेत्राची ओळ शोधा. तिथे आखाती प्रदेशाचे शहर दिसले तर चोर सापडला असे समजा. ती ओळ भारताची करा, आणि हा बदल मुलगा शाळेत असताना सकाळीच करा, म्हणजे त्या दिवशीच्या खेळाचा अर्धा हिशेब एका घड्याळाने आणि अर्धा दुसऱ्याने असा गोंधळ उरणार नाही.

दुसऱ्या देशातून यंत्र आणलेल्या वाचकांसाठी येथे एक उपयोगी खूण नोंदवतो. खेळ ठरल्यापेक्षा किती वेळ आधी किंवा नंतर बंद होतो हे दोन-तीन दिवस लिहून ठेवले, तर तो फरकच मूळ देश सांगतो. बरोबर दीड तास उशीर होत असेल तर मांडणी दुबई किंवा मस्कतच्या वेळेची आहे. अडीच तास उशीर असेल तर कतार, कुवेत किंवा सौदी अरेबियाच्या. बरोबर साडेतीन तास आधी बंद होत असेल, म्हणजे रात्री नऊची वेळ लावूनही मूल संध्याकाळी साडेपाचलाच बाहेर फेकले जात असेल, तर वेळक्षेत्र जपानचे आहे, कारण जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. इंग्लंडची मांडणी सर्वांत फसवी, कारण हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा असतो. तिकडे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात आणि त्या दिवसापासून इकडे मिरजेत किंवा कराडात बसलेल्या मुलाची खेळवेळ एक तासाने सरकते. आपल्याकडे घड्याळ बदलण्याची पद्धतच नसल्याने पालकांच्या ते ध्यानात येत नाही. फरक पाच-दहा मिनिटांचा किंवा रोज वेगळा असेल, तर मात्र वेळक्षेत्राचा दोष नाही आणि शोध दुसरीकडे घ्यावा लागेल.

वेळक्षेत्र सुधारल्यावर लगेच त्याच पानावर आणखी एक गोष्ट पाहा, कारण तुमचा खेळ नऊला बंद न होण्यामागे ती भर घालत असू शकते. वेळ संपल्यावर यंत्राने काय करावे यासाठी When Playtime Ends अशी ओळ आहे आणि तिच्यात दोन पर्याय आहेत. Notify Only निवडलेले असेल तर यंत्र पडद्यावर सूचना दाखवते आणि खेळ चालू ठेवते. सूचना बाजूला सारून मूल हवे तितके खेळू शकते. Log Out of PS5 निवडले असेल तरच त्याला बाहेर काढले जाते. मर्यादा लावली पण काहीच होत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक घरांत पहिला पर्याय निवडलेला आढळतो. दुसरा पर्याय निवडताना एवढे लक्षात घ्या की खेळ जपून ठेवलेला नसेल तर तेवढा भाग वाया जातो. म्हणून वेळ संपत आल्याची सूचना आली की आधी खेळ जपायचा, हे मुलाला अगोदर समजावून सांगावे; नाहीतर फुटबॉलच्या सामन्याच्या ऐंशीव्या मिनिटाला पडदा बंद झाला की घरात जो गोंधळ होतो, त्याचा दोष कोणत्याही सेटिंगला देता येत नाही.

आता वेळ कशी लावावी याकडे येतो. या यंत्रात दोन वेगळ्या मर्यादा एकत्र चालतात : दिवसभरात एकूण किती वेळ खेळायचे ती एक, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत खेळायची मुभा आहे ती दुसरी. दोहोंपैकी जी आधी संपेल ती लागू होते. तुम्ही फक्त दुसरी लावली आहे असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते आणि त्यात मोठी अडचण अशी की सहा ते आठ एवढीच मुभा दिली की त्या दोन तासांत क्लास, पाहुणे किंवा वीज जाणे आले तर मुलाचा खेळ बुडतो, आणि मग रोज आजच्यापुरते वाढवून द्या अशी मागणी सुरू होते. मी सहसा मुभेची चौकट थोडी रुंद आणि एकूण वेळ घट्ट ठेवायला सांगतो. तुमच्या मुलासाठी सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ६ ते रात्री ८:३० अशी चौकट आणि तिच्यात एकूण एक तास, असे लावून पाहा. सव्वासहाला क्लासहून येऊन तो बसला तर सव्वासातला त्याचा तास संपेल. पावणेआठला बसला तर साडेआठला चौकट संपेल आणि त्याला पाऊण तासच मिळेल. दोन्ही बाजूंनी हिशेब त्याला कळतो आणि बसायचे कधी हे तोच ठरवतो. शनिवार-रविवारसाठी वेगळी मांडणी करता येते, कारण प्रत्येक वारासाठी स्वतंत्र वेळ लावण्याची सोय आहे. रविवारी सकाळी १० ते रात्री ८ अशी चौकट आणि एकूण अडीच तास पुरेसे व्हावेत.

परीक्षा असेल किंवा मामाच्या गावाहून भावंडे आली असतील, तर कायमची मांडणी मोडू नका. मुलाच्या नावाच्या पानावर फक्त आजच्या दिवसापुरता वेळ वाढवण्याची किंवा कमी करण्याची सोय आहे आणि दुसऱ्या दिवशी मूळ वेळापत्रक आपोआप लागू होते. मुलालाही यंत्रावरून जादा वेळेची विनंती पाठवता येते. आणि येथे तुमच्या घरच्या मांडणीतली गंमत आहे : ती विनंती ज्याच्या आयडीखाली मुलाचे खाते आहे त्या माणसाकडे जाते. तुमच्या घरात ती दुबईला जाते आणि काका लाडाने होकार देत असतील, तर तुम्ही इकडे कितीही काटेकोर वेळ लावली तरी उपयोग होणार नाही. दिरांना एकदा फोन करून विचारा. भांडणासाठी नव्हे, तर मर्यादा का गळते आहे ते कळावे म्हणून.

आता प्रदेशाचा प्रश्न. सरळ उत्तर असे की खाते काढताना जो देश निवडला तो नंतर बदलता येत नाही, ना तुम्हाला ना दिरांना. त्यांच्या आयडीचा देश संयुक्त अरब अमिराती आहे आणि तो तसाच राहील. यंत्राची भाषा बदलल्याने, वेळक्षेत्र भारताचे केल्याने किंवा यंत्र पूर्ण पुसून नव्याने सुरू केल्यानेही त्यात फरक पडत नाही. यंत्र पुसून प्रदेश बदलेल असे कोणी सांगितले तर ऐकू नका, तुमचे जपून ठेवलेले खेळ मात्र जातील. तुमचे रुपयांतले गिफ्ट कार्ड म्हणजे भारतीय दुकानासाठीचा सांकेतिक क्रमांक आहे आणि तो भारताच्या आयडीतच जमा होतो. तो क्रमांक वाया गेलेला नाही, नाकारला गेला म्हणजे वापरला गेला असे होत नाही, जपून ठेवा.

मग करायचे काय? हे तुम्ही खेळ कसे घेता यावर अवलंबून आहे, आणि माझे मत असे की सगळ्यांनीच प्रदेशाच्या मागे लागण्याची गरज नसते. तुमच्या यंत्राला डिस्कची खाच असेल आणि तुम्ही दुकानातून डिस्कच आणून खेळत असाल, तर प्रदेश अमिराती राहिला तरी विशेष बिघडत नाही, कारण प्लेस्टेशन ५ च्या खेळांच्या डिस्कना देशाचे बंधन नाही. भारतात घेतलेली डिस्क दुबईच्या आयडीतही चालते. अडते ते डिस्कसोबतच्या पुरवणीत : खेळाचा जोडभाग, नवे संघ, पोशाख असे जे काही दुकानातून वेगळे घ्यावे लागते किंवा डब्यातल्या चिठ्ठीवरील क्रमांकाने मिळते, ते डिस्क ज्या प्रदेशाची त्याच प्रदेशाच्या आयडीत नीट जुळते. भारताची डिस्क आणि अमिरातीच्या आयडीतून घेतलेला जोडभाग, अशी सांगड घातली की पैसे जातात आणि खेळ त्या भागाची दखलच घेत नाही. अशा घराने आहे तसे चालवावे आणि फक्त वेळक्षेत्र दुरुस्त करावे. जाता जाता हेही सांगतो की चित्रपटांच्या डिस्कचे बंधन वेगळे असते, ते खुद्द यंत्रात असते आणि कोणत्याही आयडीने बदलत नाही. ब्लू-रेसाठी आखात ‘बी’ गटात आणि भारत ‘सी’ गटात मोडतो.

तुम्ही मात्र गिफ्ट कार्ड घेतले आहे, म्हणजे दुकानातून खेळ उतरवून घेण्याचा तुमचा विचार दिसतो. तसे असेल तर नव्याने मांडणी करणे हाच मार्ग आहे आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम तुमच्या स्वतःच्या नावाने, तुमच्या खऱ्या जन्मतारखेने आणि आजवर या कामासाठी न वापरलेल्या ईमेलने एक नवे खाते काढा आणि देश निवडण्याच्या ओळीत भारत आहे हे दोनदा पाहा, कारण यंत्र दुबईत सुरू झाल्यामुळे ती ओळ आधीच भरलेली दिसू शकते आणि घाईत पुढे गेलात तर पुन्हा तोच प्रकार होईल. मग त्या खात्यातून आत जाऊन Family Management मध्ये Add Family Member निवडा आणि मुलाचे नवे खाते तेथून काढा. जी व्यक्ती पहिल्यांदा मुलाला जोडते ती त्या कुटुंबाची व्यवस्थापक ठरते आणि ही भूमिका पुढे दुसऱ्याकडे सोपवता येत नाही, म्हणून हे काम तुमच्याच आयडीतून व्हायला हवे. दिरांच्या आयडीतून आत गेलेल्या अवस्थेत चुकून सुरू करू नका. यजमानांनाही अधिकार हवे असतील तर त्यांचे खाते कुटुंबात जोडून त्यांना पालकाची भूमिका देता येते.

मुलाची जन्मतारीख खरी घाला. मोठ्या माणसाची तारीख घालून काढलेले खाते पुढे मुलाच्या खात्यात बदलता येत नाही आणि त्यावर कोणतीच मर्यादा बसत नाही. दुकानात येणाऱ्या निम्म्याअधिक मुलांचा जन्म यंत्राच्या लेखी १९९० च्या आसपास झालेला असतो. तुमच्या दिरांनी मुलाचे खाते मुलाचे म्हणूनच काढले, ही तुमची जमेची बाजू, कारण मर्यादेची कल्पना तुमच्या मुलाला नवी नाही.

नवे खाते काढण्याची किंमतही मोजावी लागते, ती आधी मुलाला सांगा. जपून ठेवलेले प्लेस्टेशन ५ चे खेळ जुन्या खात्याचेच राहतात, ते नव्या खात्यात नेता येत नाहीत. मिळवलेली पदकेही जुन्या नावावरच राहतात. दिरांनी विकत घेतलेले खेळ मात्र जात नाहीत. त्यांच्या आयडीतून आत जाऊन Settings, Users and Accounts, Other, Console Sharing and Offline Play असे जा आणि ती सोय चालू असल्याची खात्री करा. ती चालू असेपर्यंत त्यांच्या आयडीवर घेतलेले खेळ या यंत्रावरील सगळ्यांना, तुमच्या मुलाच्या नव्या भारतीय खात्यालाही, खेळता येतात. म्हणून दिरांचे खाते यंत्रावरून काढू नका, आणि ते कायमचे बंद तर मुळीच करू नका, कारण खाते बंद केले की त्यावरची खरेदी संपते. त्यांच्या खात्यात काही रक्कम शिल्लक असेल तर ती तुमच्या खात्यात येणार नाही; ती त्यांनीच तिकडच्या दुकानात संपवावी. तुमचे गिफ्ट कार्ड तुमच्या नव्या आयडीत भरा. मुलाच्या खरेदीचे पैसे व्यवस्थापकाच्या पाकिटातून जातात आणि मुलाच्या महिन्याच्या खर्चाची मर्यादा सुरुवातीला शून्य असते, म्हणजे तुम्ही आकडा घालेपर्यंत त्याला काही घेता येत नाही. ती शून्यच राहू द्या आणि खेळ तुमच्या आयडीतून घ्या, असे मी सांगेन.

नवे खाते काढताना मुलाच्या वयानुसार तयार मर्यादांचे टप्पे समोर येतात. तुमच्या मुलासाठी Early Teens हा टप्पा मूळ धरून चला आणि मग दोन ओळी उघडून पाहा : कोणत्या वयापर्यंतचे खेळ चालतील ती, आणि अनोळखी लोकांशी बोलणे व संदेश पाठवणे याबद्दलची. दुसरी बंद ठेवली की काही खेळ मित्रांबरोबर नीट खेळता येत नाहीत आणि मूल तक्रार करते. अशा वेळी संपूर्ण ओळ सैल करण्याऐवजी त्या एकाच खेळाला सूट देण्याची सोय आहे, ती वापरा. याहून जास्त खोलात जाण्याचे कारण नाही.

वेळेची मर्यादा किती पक्की बसली हे मात्र पळवाटांवर ठरते, आणि सातवीतला मुलगा त्या आपल्या आधी शोधतो. मर्यादा खात्यावर असल्यामुळे खाते बदलले की ती मागे राहते. तुमच्या यंत्रावर आता चार नावे दिसतील : दिरांचे, मुलाचे जुने, तुमचे आणि मुलाचे नवे. त्याची वेळ संपली की तो दिरांच्या नावावर दाब देऊन आत जाईल, आणि मोठ्या माणसाच्या खात्याला वेळेचे बंधन नसते. म्हणून दिरांच्या आणि तुमच्या दोन्ही खात्यांना Users and Accounts मधील Login Settings मध्ये जाऊन चार आकड्यांची कुलूपसंख्या लावा. जन्मसाल किंवा गाडीचा क्रमांक ठेवू नका, आणि संख्या टाइप करताना मुलगा शेजारी बसलेला नसावा. मुलाचे जुने खाते उगाच रिकामे पडून राहिले तर तीच वाट उघडी राहते, कारण त्याच्यावर त्याची स्वतःची जुनी चौकट असते आणि दोन्ही खात्यांचा वेळ स्वतंत्र मोजला जातो. तासाभराचा खेळ झाला की तो दुसऱ्या नावाने आणखी खेळू शकतो. जुन्या खात्यात जपलेला खेळ पुरा करायचा असेल तर तो संपेपर्यंत दोन्ही खात्यांना वेळ वाटून द्या, म्हणजे नव्याला अर्धा तास आणि जुन्याला अर्धा तास, आणि तो संपल्यावर जुने नाव यंत्रावरून काढून टाका.

दुसरी पळवाट याहून सोपी आहे. काहीच अडवलेले नसेल तर यंत्रावर कोणीही नवे नाव तयार करू शकतो किंवा पाहुणा म्हणून आत येऊ शकतो. ही वाट बंद करण्याची जागा Family and Parental Controls मध्येच PS5 Console Restrictions या नावाने आहे. तिथे जाताना यंत्र संख्या विचारते आणि ती आधी कधी बदलली नसेल तर 0000 असते. आत गेल्यावर नवे नाव तयार करणे आणि पाहुणा प्रवेश बंद करा आणि लगेच ती 0000 ही संख्या बदला, कारण ती जगातल्या प्रत्येक प्लेस्टेशनला सारखीच असते आणि मुलांना शाळेच्या बसमध्ये ती कळते. नवी संख्या वहीत लिहून ठेवा. ती विसरलेले पालक यंत्र घेऊन साताऱ्याला येतात आणि मग ते पुसून नव्याने सुरू करण्याखेरीज आमच्याकडेही फारसा उपाय उरत नाही.

रोज यंत्रासमोर जाऊन हे पाहणे जमत नसेल तर २०२५ च्या सप्टेंबरपासून सोनीने पालकांसाठी PlayStation Family नावाचे वेगळे ॲप दिले आहे. त्यात मुलाने आज किती खेळले ते दिसते, जादा वेळेची विनंती येते आणि ती तिथूनच मान्य किंवा नामंजूर करता येते. अर्थात ते ॲप व्यवस्थापकाच्या किंवा पालकाच्या आयडीने उघडावे लागते, त्यामुळे नवी मांडणी तुमच्या नावाने झाल्यावरच त्याचा तुम्हाला उपयोग आहे.

सगळे झाल्यावर एक संध्याकाळ तपासणीसाठी द्या. मुलाच्या नव्या खात्याला त्या दिवसापुरती मुद्दाम अगदी थोडी वेळ ठेवा, म्हणजे समजा संध्याकाळी सहा ते सव्वासहा एवढीच मुभा द्या, आणि मुलाला सहाला खेळायला बसवा. सहाला तो आत गेला आणि सव्वासहाला बाहेर आला तर घड्याळ आणि Log Out of PS5 हे दोन्ही बरोबर बसले. सहाला आतच गेला नाही तर खेळवेळेचे वेळक्षेत्र अजून दुबईचेच आहे. सव्वासहाला फक्त सूचना आली आणि खेळ चालू राहिला तर When Playtime Ends ची ओळ बदललेली नाही. बाहेर आल्यावर त्याला दुसऱ्या कोणत्या नावाने आत जाता येते का ते त्यालाच करून दाखवायला सांगा. तो आनंदाने दाखवेल, आणि राहिलेली फट तुम्हाला कळेल.

शेवटी, तुमच्या दिरांसारखे कोणी जपानमधून यंत्र आणणार असेल त्यांच्यासाठी एक सूचना. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सोनीने जपानमध्ये डिस्कविरहित प्लेस्टेशन ५ चा ५५,००० येनांचा स्वस्त प्रकार काढला आहे. तो फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्यावर जपान हा देश असलेलेच खाते लागते. आयडी नवा काढून वर सांगितलेली सोडवणूक त्या यंत्रावर करता येत नाही, म्हणून किंमत पाहून घेण्याआधी डब्यावरील भाषेची ओळ वाचून घ्यायला सांगावे.